सलग संहिता जाहिरातींच्या वेळेत बसवताना: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक निर्मात्यांची आणि लेखकांची मागणी एकच असते: "स्क्रिप्ट तयार आहे, ब्रेक कुठे घ्यायचे तेवढं सांगा." संहिता सलग बघण्यासाठी लिहिलेली असते, एकांकिकेसारखी किंवा फेस्टिव्हलच्या लघुपटासारखी. वाहिनीवर मात्र ती तीन ठिकाणी थांबणार असते. त्या तीन जागांवर नुसती खूण करून काम का भागत नाही आणि आम्ही त्याऐवजी काय करतो, ते इथे एका तासाच्या टेलिफिल्मच्या उदाहरणातून सांगितलं आहे.

आधी वेळ

केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ प्रमाणे एका तासात जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती दाखवता येतात. त्यातली १० व्यावसायिक आणि २ वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांची. म्हणजे रात्री ९ ते १० च्या वेळेत कार्यक्रमाला ४८ मिनिटं उरतात. शीर्षकं आणि श्रेयनामावली वगळली की गोष्टीला साधारण ४६. ब्रेक किती, पहिला कितव्या मिनिटाच्या आत चालणार नाही, शेवटच्या पार्टची किमान लांबी किती, हे प्रत्येक वाहिनी आपापलं ठरवते. ते वाहिनीकडून लेखी घ्या. फोनवरच्या बोलण्यावर आम्ही काम सुरू करत नाही.

दुसरी गोष्ट संहितेच्या लांबीची. 'एक पान म्हणजे एक मिनिट' हा हिशेब ठरावीक टाइपात, ठरावीक समासात लिहिलेल्या इंग्रजी पटकथेचा आहे. आपल्याकडे कोणी डावीकडे दृश्य आणि उजवीकडे संवाद असं लिहितं, कोणी नाटकासारखं सरळ लिहितं, त्यामुळे पानांवरून काहीच कळत नाही. आम्ही संहिता दोघांनी मोठ्याने वाचतो आणि प्रत्येक सीनला घड्याळ लावतो. न बोलता घडणाऱ्या गोष्टी खोलीत चालून, बसून, दार उघडून मोजतो, कारण 'ती विहिरीपर्यंत जाते' ही एक ओळ पडद्यावर सहज पाऊण मिनिट खाते.

उदाहरण: भाऊबीजेची सही

ही गोष्ट समजावण्यासाठी रचलेली आहे, पण यातल्या अडचणी रोजच्या आहेत.

पिंपरीत राहणारी सुमन भाऊबीजेला माहेरी येते. थोरला भाऊ दिनकर आणि धाकटा विलास यांना तिची हक्कसोडपत्रावर सही हवी आहे. जमिनीतून रस्ता जाणार आहे, भूसंपादनाची नोटीस आलेली आहे आणि मोबदला मिळणार आहे, हे दोघांनी तिच्यापासून लपवलं आहे. दिनकरवर कर्ज आहे, ते सगळ्यांपासून लपलेलं आहे. मूळ संहिता वाचून ५३ मिनिटांची भरली. सात मिनिटं जास्त.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे सात मिनिटं छाटून उरलेल्याचे चार सारखे तुकडे करणे. करून पाहिलं तर पहिला ब्रेक ओवाळण्याच्या सीनच्या मध्यात, दुसरा लहानपणीच्या आठवणीत आणि तिसरा निबंधक कार्यालयातल्या भांडणाच्या तिसऱ्या वाक्यावर पडत होता. यातला तिसरा सगळ्यात वाईट. चढत जाणारा राग चार मिनिटांच्या जाहिरातींनंतर त्याच पट्टीवर पुन्हा सुरू होत नाही. नटाने कितीही जोर लावला तरी प्रेक्षक तोवर थंड झालेला असतो.

म्हणून आम्ही आधी कापत नाही. प्रत्येक सीनची वन लाइन वेगळ्या कार्डावर लिहितो, कोपऱ्यात त्याची वेळ टाकतो आणि प्रत्येक कार्डावर एकच प्रश्न विचारतो: या सीनच्या शेवटी प्रेक्षक कशाची वाट बघतोय? बऱ्याच कार्डांना उत्तर नसतं, आणि ते ठीकच आहे. ज्यांना आहे त्या ब्रेकच्या संभाव्य जागा. या गोष्टीत अशा पाच निघाल्या.

पहिला ब्रेक

मूळ संहितेत सुमनला नोटिशीबद्दल नवव्या मिनिटालाच कळत होतं. त्यानंतर अर्धा तास ती चिडलेलीच, आणि कुठेही थांबलं तरी फरक पडत नव्हता. आम्ही क्रम बदलला. विलास नोटीस पलंगाच्या गादीखाली सरकवतो, हे फक्त प्रेक्षकाला दिसतं. मग ओवाळणं होतं, जेवण होतं आणि दिनकर विषय काढतो, "सुमे, उद्या जरा तालुक्याला यावं लागेल. एका सहीपुरतं." सुमन म्हणते, "देते की. माझं काय जातंय?" इथे ब्रेक.

लेखकाला इथे नकार हवा होता, कारण नकार नाट्यमय वाटतो. पण नकारानंतर प्रेक्षकाला पुढचं ठाऊक असतं: भांडण होणार. होकार आल्यावर, गादीखाली काय आहे हे माहीत असलेला प्रेक्षक अस्वस्थ होतो. हा पार्ट १५ मिनिटांचा ठेवला, चारही पार्टांत सगळ्यात लांब. पहिल्या ब्रेकमध्ये रिमोट हातात घेतलेला माणूस परत यावा, तर तोवर घरातली चारही माणसं त्याच्या ओळखीची व्हायला हवीत, आणि ओळख घाईत होत नाही.

दुसरा ब्रेक

मूळ संहितेत सगळे भाऊबीजेच्याच दुपारी निबंधक कार्यालयात जात होते. त्या दिवशी सुट्टी असते. ही चूक दुरुस्त करताना गोष्टीत एक रात्र आली, आणि ती रात्र फार उपयोगी पडली. काळ पुढे सरकतो तिथे ब्रेक आपोआप खपून जातो. जाहिराती संपल्यावर सकाळ झालेली असली तर कोणालाच खटकत नाही.

रात्री भाची गादी झटकताना नोटीस सापडते आणि ती आत्याला आणून देते. सुमन वाचते. इथेच थांबावं असं लेखकाला वाटणं साहजिक आहे: चेहऱ्यावर क्लोजअप, संगीत, ब्रेक. आम्ही चाळीस सेकंद पुढे गेलो. सुमन कागद होता तसाच घडी घालून गादीखाली ठेवते आणि भाचीला म्हणते, "कुणाला सांगू नकोस हं. मी पण नाही सांगणार." कळलं, हा धक्का असतो आणि तो जाहिरातीत विरून जातो. कळूनही ती गप्प का, हा प्रश्न मात्र ब्रेकभर टिकतो. पार्ट १२ मिनिटांचा.

तिसरा ब्रेक

कार्यालयातला मोह कोणता, ते तुम्ही ओळखलं असेल: अंगठा यंत्रावर टेकणार, तेवढ्यात ब्रेक. हे आम्ही सहसा करू देत नाही. परत आल्यावर एकतर ती अंगठा लावते किंवा नाही लावत, आणि पहिल्या दोन सेकंदांत सगळी उत्सुकता संपते. दारावरची बेल वाजते, सगळे दचकतात, ब्रेक, आणि दारात दूधवाला, हाही त्याच जातीचा प्रकार. प्रेक्षक एकदा फसतो आणि पुढच्या ब्रेकला चॅनल बदलतो.

आम्ही सुमनला कारकुनाला सांगायला लावलं, "मला आधी सगळं वाचून दाखवा." ती शांत आहे. विलास दिनकरकडे बघतो. आणि दिनकर उठून टेबलावरचा कागद उचलतो आणि पिशवीत घालतो. ब्रेक. ज्याला सही सगळ्यात जास्त हवी होती त्यानेच माघार घेतली, म्हणजे अजून काहीतरी आहे. कर्जाचं प्रकरण इथून उघडतं आणि गोष्टीची दिशा बदलते. पार्ट ११ मिनिटांचा, आणि शेवटचा ८ चा. शेवटच्या ब्रेकनंतर फार कमी उरलं तर प्रेक्षकाला वाटतं, एवढ्यासाठी थांबवलं?

सात मिनिटं कुठून गेली

लहानपणीच्या आठवणीचे दोन सीन पूर्ण गेले, तिथे जवळजवळ चार मिनिटं. त्या आठवणी सांगत होत्या की भावाबहिणींत प्रेम होतं. ते ओवाळण्याच्या सीनमध्ये दिसतच होतं. उरलेली तीन मिनिटं बाजारातल्या एका सीनमधून आणि येण्याजाण्यातून निघाली. एकेका संवादातून दोनदोन शब्द काढून वेळ साधायच्या फंदात आम्ही पडत नाही. त्याने बोलणं तुटक होतं आणि वाचतात जेमतेम वीस सेकंद.

ब्रेकनंतरचं अर्धं मिनिट

प्रेक्षक स्वयंपाकघरातून किंवा दुसऱ्या चॅनलवरून परत येतो, आणि बरेचदा उशिरा येतो. म्हणून ब्रेकनंतरच्या पहिल्या तीस सेकंदांत जागा आणि माणसं दिसावीत, पण जे चुकलं तर गोष्ट कळणार नाही असं काही घडू नये. तिसऱ्या पार्टची सुरुवात म्हणून आम्ही सकाळी अंगणात गाडी पुसणारा विलास आणि ओसरीवर चहा घेणारी सुमन ठेवली. कोण, कुठे, कधी, सगळं आलं.

इथे एक फसगत होते. परतणाऱ्याला आठवण करून द्यायला पात्रांच्या तोंडी मागचा सारांश घातला जातो: "काल रात्री तू सही द्यायला तयार झालीस, ताई…" वाहिनीवर हे कसंबसं चालतं. पण हीच फिल्म पुढे अ‍ॅपवर ब्रेकशिवाय गेली की दोन सीन एकमेकांना चिकटतात आणि माणसं वेड्यासारखी बोलू लागतात. म्हणून प्रत्येक जोड आम्ही दोनदा वाचतो, एकदा मध्ये चार मिनिटं थांबून आणि एकदा सलग. पार्श्वसंगीत ब्रेकच्या आधी संपेल की ब्रेकनंतर नव्याने सुरू होईल, तेही संहितेतच लिहून देतो. ते संकलकावर सोडलं तर सूर मधेच तुटलेला ऐकू येतो.

जागा बरोबर आहे का, ते कसं कळतं

ज्याला गोष्ट माहीत नाही अशा माणसाला ब्रेकपर्यंत वाचून दाखवायचं आणि विचारायचं, आता काय होईल? "काय माहीत" म्हणाला तर प्रश्नच उभा राहिलेला नाही. छातीठोकपणे एकच उत्तर दिलं तर परत येण्याचं कारण उरलेलं नाही. "असं होईल, नाहीतर तसं" म्हणत तो दोन शक्यतांत अडकला, तर जागा पक्की. ही परीक्षा तुम्ही आमच्याकडे येण्याआधी घरीही घेऊ शकता. फक्त घरच्यांनी संहिता आधी ऐकलेली नसावी.

काय पाठवायचं

पूर्ण संहिता, वाहिनीचं लेखी पत्रक आणि फिल्म अ‍ॅपवरही जाणार आहे का, ही माहिती. आमच्याकडून तुम्हाला नवी वन लाइन, पार्टवार संहिता आणि प्रत्येक ब्रेकच्या आधीचा शेवटचा व नंतरचा पहिला शॉट लिहिलेला तक्ता मिळतो. मूळ लेखकाची संमती लागते, आणि शक्य असेल तर कार्डांच्या बैठकीला त्यांनी स्वतः बसावं असा आमचा आग्रह असतो.

शूटिंग झालेलं असेल तरी काम होतं, पण हात बांधलेले असतात. वरच्या उदाहरणात गादीखाली नोटीस सरकवण्याचा सीन चित्रित झालेला नसता तर पहिला ब्रेक तिथे बसलाच नसता, आणि त्या एका सीनसाठी कलाकार, घर आणि दिवाळीची सजावट पुन्हा जमवावी लागली असती. त्यामुळे शेड्यूल लागायच्या आधी संहिता पाठवा.