बी.कॉम. ते कस्टम्स ब्रोकर: घड्याळ जी-कार्डापासून सुरू होतं

बंदरावर लोक अजूनही ‘सीएचए’ म्हणतात, पण कागदावर नाव कस्टम्स ब्रोकर: आयातदार-निर्यातदारांचा माल कस्टम्समधून सोडवून देणारा. परवाना कस्टम्स ब्रोकर्स लायसन्सिंग रेग्युलेशन्स, 2018 खाली मिळतो. अर्जदार भारतीय नागरिक आणि पदवीधर हवा. त्याशिवाय सीए, एमबीए, एलएलबीसारखी व्यावसायिक पदवी, नाहीतर कस्टम्स क्लिअरन्सचा मान्यताप्राप्त डिप्लोमा, नाहीतर जी-कार्डधारक, म्हणजे खात्याची परीक्षा पास झालेला ब्रोकरचा कर्मचारी, म्हणून किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो. नुसत्या बी.कॉम.वाल्याला बहुधा हा तिसरा रस्ताच परवडतो, आणि गफलतही तिथेच होते.

समजा, तुम्ही बारावीनंतरच एका ब्रोकरकडे लागलात आणि जून 2022 मध्ये एच-कार्ड, म्हणजे परीक्षा न दिलेल्या कर्मचाऱ्याचं कार्ड, मिळालं. गोदीत फिरता येतं, फाइल हलवता येते, पण बिल ऑफ एंट्रीवरच्या, म्हणजे आयात मालाच्या कस्टम्स कागदावरच्या, डिक्लरेशनवर सही करता येत नाही. खात्याची परीक्षा पास होऊन ऑगस्ट 2024 मध्ये जी-कार्ड आलं. आता सहीचा अधिकार आला, आणि दोन वर्षंही इथूनच मोजायची: ऑगस्ट 2026 पर्यंत. एच-कार्डावरची वर्षं कितीही घाम गाळलेला असला तरी धरली जात नाहीत. म्हणून मालकाकडून अनुभवाचा दाखला घेताना त्यात कार्डाचा प्रकार आणि तारीख लिहून घ्या. ‘आमच्याकडे चार वर्षे कामास आहेत’ एवढ्यावर भागत नाही.

सोबत पदवीचं प्रमाणपत्र, आधार, पॅन आणि आर्थिक क्षमतेचा पुरावा लागतो: बँकेचा दाखला किंवा किमान 5 लाखांची मालमत्ता. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे ना, हे अर्जाआधीच बघा.

परवान्याची लेखी परीक्षा नासिन ही कस्टम्सची प्रशिक्षण संस्था घेते. 150 प्रश्न, बरोबर उत्तराला 3 गुण, चुकलं तर 1 वजा. 450 पैकी 270 हवेत. म्हणजे 90 उत्तरं बिनचूक देऊन बाकी कोरी सोडली तरी पास. सगळे प्रश्न सोडवायचे ठरवलं, तर मात्र 105 बरोबर यावे लागतात: 315 वजा 45. चार पर्यायांत डोळे मिटून मारलेला ठोका सरासरीत शून्यच देतो. दोन पर्याय नक्की कापता आले, तरच हात घाला. लेखीनंतर तोंडी परीक्षा असते. तीही पास झालात की परवान्याआधी 5 लाखांचं तारण द्यावं लागतं, बँक गॅरंटी किंवा मुदत ठेवीच्या रूपात.

फ्रेट फॉरवर्डिंगला मात्र असा परवाना नाही. जहाजावर जागा बुक करणं, दर ठरवणं, कागद जुळवणं यासाठी परीक्षा नसते. फियाटा या फॉरवर्डर्सच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा डिप्लोमा नोकरीला उपयोगी पडतो, पण तो सक्तीचा नाही. जहाज, रेल्वे, ट्रक अशी मिळून होणाऱ्या मल्टिमोडल वाहतुकीचा दस्तऐवज स्वतःच्या नावाने द्यायचा झाला, तर 1993 च्या कायद्याखाली मल्टिमोडल ट्रान्सपोर्ट ऑपरेटर, म्हणजे एमटीओ, म्हणून नोंदणी करावी लागते. आणि फॉरवर्डर म्हणून कितीही मोठे झालात, तरी त्या बिल ऑफ एंट्रीवरची सही जी-कार्डवाल्याची किंवा परवान्याची परीक्षा पास झालेल्या एफ-कार्डवाल्याचीच.