धडधड सुरू कशी झाली आणि थांबली कशी?

छातीत धडधडतंय म्हणून आलेल्या माणसाला अनुभवी डॉक्टर ठोक्यांचा आकडा विचारतीलच असं नाही, पण धडधड सुरू कशी झाली आणि थांबली कशी हे नक्की विचारतात. निम्मं निदान याच दोन उत्तरांत असतं. कधी ते टेबलावर बोटाने ताल धरून दाखवायलाही सांगतात.

आधी चहाने होणाऱ्या धडधडीचं बघू. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो. ठोक्यांची लय तिथे ठरते. शरीरातच तयार होणारं अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन ही लय मंद ठेवायला मदत करतं. चहातलं कॅफीन अ‍ॅडेनोसिनची बसायची जागाच अडवून धरतं, शिवाय अ‍ॅड्रिनलीनही थोडं वाढवतं. एक कप चहात साधारण 30 ते 50 मिलिग्रॅम कॅफीन असतं. पावडर सढळ हाताने घालून खळाखळा उकळलेल्या चहात त्याहून जास्त. अर्ध्या-पाऊण तासात त्याचा जोर शिगेला पोहोचतो आणि रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे 5 तास लागतात. गरोदरपणात त्याहून बराच जास्त वेळ. रोज चार कप पिणाऱ्याला काही जाणवत नाही आणि एरवी चहा न घेणारा एका कडक कपाने अस्वस्थ होतो, कारण सवय.

काळजी किंवा भीतीने होणारी धडधडही याच पुंजक्यातून येते, फक्त तिथे मुख्य काम अ‍ॅड्रिनलीन करतं. म्हणून दोन्हींची चाल सारखी असते. ठोके हळूहळू चढतात, नियमित राहतात, बसल्या जागी सहसा 140च्या पुढे जात नाहीत आणि तसेच हळूहळू उतरतात.

आता समजा, 32 वर्षांची एक शिक्षिका आहे. पालकसभेच्या दिवशी तिने रिकाम्या पोटी दोन कडक चहा घेतले. सभेआधी नाडी 110 वर गेली, सभा संपल्यावर तासाभरात निवळली. यात घाबरण्यासारखं काही नाही. पण आठवड्याने वह्या उचलायला ती खाली वाकली आणि त्याच क्षणी, बटण दाबल्यासारखे, ठोके 180 वर गेले. गळ्यातही ठोके उडताना जाणवत होते. वीस मिनिटांनी ते जसे सुरू झाले तसेच एका क्षणात थांबले, आणि नंतर तिला भरपूर लघवी झाली. ही दुसरी धडधड टेन्शनची नाही. हृदयातला विद्युतसंदेश एखाद्या जादा वाटेने गोल गोल फिरत राहिला की असं होतं. त्याला एसव्हीटी म्हणतात. दवाखान्यात पोहोचेपर्यंत ठोके ठीक झालेले असतात, ईसीजी नॉर्मल येतो आणि तरुण बाई दिसली की ‘टेन्शन घेऊ नका’ असं सांगून घरी पाठवलं जातं. मला हे फार खटकतं. धडधड नसताना काढलेल्या ईसीजीने एसव्हीटी नाही असं ठरत नाही. धडधड चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढून घ्यावा. अशी धडधड वरचेवर होत असेल, तर 24 तास अंगावर ठेवायचं, ठोक्यांची सतत नोंद करणारं होल्टर यंत्र उपयोगी पडतं.

मध्येच ‘ठोका चुकल्यासारखं’ वाटणं हा आणखी वेगळा प्रकार. तिथे ठोका चुकलेला नसतो, एक ठोका वेळेआधी पडलेला असतो. त्यानंतर थोडी मोठी विश्रांती मिळते, हृदयात जास्त रक्त भरतं आणि पुढचा ठोका छातीत धाडकन जाणवतो. निरोगी माणसांतही हे सर्रास आढळतं.

ठोक्यांना काही तालच नसेल, तर मात्र लवकर दाखवावं, विशेषतः वय साठीच्या पुढे असेल तर. एट्रियल फिब्रिलेशन या हृदयाची लय बिघडवणाऱ्या आजारात असं होतं आणि त्यातून पक्षाघाताचा धोका वाढतो. चहा-कॉफी बंद करूनही बसल्या बसल्या नाडी सतत शंभरावर राहत असेल, तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या.

धडधडीसोबत भोवळ येऊन पडणं, छातीत दुखणं किंवा धाप लागणं असेल, तर वाट बघू नका. महाराष्ट्रात 108 ला फोन करा. पळताना, जिने चढताना चक्कर येऊन कोणी कोसळलं असेल किंवा घरात तरुणपणी कुणाचा अचानक मृत्यू झाला असेल, तर नंतर बरं वाटलं तरी हृदयरोगतज्ज्ञांना दाखवायलाच हवं.

रुग्णालयात एसव्हीटी थांबवायला अनेकदा शिरेतून अ‍ॅडेनोसिनच देतात. काही सेकंदांत ते ती गोल फिरणारी वाट तोडतं. पण नुकताच चहा झाला असेल, तर कॅफीनने जागा अडवलेली असते आणि औषध नेहमीच्या मात्रेत कमी पडू शकतं. त्यामुळे शेवटचा चहा किती वाजता घेतला होता, हे न विचारताही डॉक्टरांना सांगा.