भाताचा हमीभाव वाढला, म्हणून तांदूळ किती महागतो?

म्हापसा बाजारातल्या आमच्या तांदळाच्या दुकानातर्फे ग्राहकांसाठी माहितीपत्रक

28 मे 2025 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने खरीप पिकांचे हमीभाव मंजूर केले. साध्या प्रतीच्या भाताचा भाव क्विंटलमागे 2300 वरून 2369 रुपये झाला, म्हणजे 69 रुपयांची वाढ. अशी बातमी आली की दुकानात दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, शेतकऱ्याला किलोला 23 रुपये 69 पैसे मिळतात, तर उकडा तांदूळ त्याच्या दुपटीच्या आसपास कसा? दुसरा, आता तांदूळ महागणार का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. गल्ल्यावर गर्दी असताना त्यांचं उत्तर नीट देता येत नाही, म्हणून ते इथे लिहून देत आहोत.

आधी पहिला प्रश्न. बातमीतला भाव भाताचा असतो, म्हणजे टरफलासकट दाण्याचा. सरकार स्वतः खरेदी केलेला भात गिरणीतून भरडून घेतं तेव्हा 100 किलो भातामागे 68 किलो उकडा तांदूळ धरतं (सुरय असेल तर 67 किलो). बाकीचा तूस आणि कोंडा. म्हणून 2369 ला 100 ने नाही, 68 ने भागायचं. उत्तर येतं किलोला सुमारे 34 रुपये 84 पैसे, आणि ही फक्त भाताची किंमत झाली. तिच्यावर भात उकडणं, वाळवणं, भरडणं, बारदान, हमाली, ट्रकभाडं, आणि घाऊक व्यापाऱ्याचा व आमचा नफा चढतो. कोंडा-तुसाचे पैसे गिरणीवाल्याला सुटतात, त्यातून भरडाईचा काही भार निघतो.

याच हिशोबाने 69 रुपयांची वाढ तांदळाच्या किलोमागे साधारण एक रुपया होते. तीही लगेच नाही. हा भाव ऑक्टोबरपासून सुरू होणाऱ्या खरेदी हंगामासाठी असतो. पेरणीआधी तो जाहीर करतात, कारण कोणतं पीक घ्यायचं हे शेतकऱ्याला तेव्हाच ठरवायचं असतं. जूनमध्ये आमच्याकडे असलेल्या पोत्यांतला तांदूळ आधीच्या हंगामाच्या भाताचा असतो. त्यामुळे बातमीच्या दुसऱ्याच दिवशी कोणी ‘हमीभाव वाढला’ म्हणून दर चढवला, तर ते कारण मानू नका. आम्ही चढवला तर आम्हालाही जाब विचारा.

दुकानातला दर खरा हलतो तो इतर गोष्टींनी. सरकारने जुलै 2023 मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली आणि ऑगस्टमध्ये उकड्याच्या निर्यातीवर 20 टक्के शुल्क लावलं. 2024 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हे निर्बंध उठले. देशातला तांदूळ बाहेर जातो की आत राहतो, आणि पाऊस कसा पडतो, यावर घाऊक बाजार हमीभावापेक्षा कितीतरी जास्त डोलतो.

आता 2369 हा आकडा येतो कुठून? कृषी खर्च व मूल्य आयोग तो सुचवतो आणि मंत्रिमंडळ मंजूर करतं. 2025-26 च्या हंगामासाठी क्विंटलमागे खर्च धरला होता 1579 रुपये, त्याची दीडपट म्हणजे 2369. बातमीत ‘खर्चावर 50 टक्के नफा’ असं लिहिलेलं असतं ते हेच. या खर्चात बी, खत, मजुरी, डिझेल, खंडाने घेतलेल्या जमिनीचा खंड हे प्रत्यक्ष गेलेले पैसे असतात, शिवाय घरच्या माणसांनी शेतात केलेल्या कामाची अंदाजे मजुरी. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि गुंतवलेल्या स्वतःच्या भांडवलावरचं व्याज मात्र त्यात नसतं. ते धरून दीडपट द्या, ही शेतकरी संघटनांची जुनी मागणी आहे. म्हणून एकाच दिवशी सरकार म्हणतं दीडपट दिला आणि आंदोलक म्हणतात दिलाच नाही. दोघांचे ‘खर्च’ वेगळे आहेत. आम्हाला स्वतःला शेतकऱ्यांचं म्हणणं पटतं: जमीन वडिलोपार्जित असली म्हणून ती फुकट होत नाही.

आणखी एक गोष्ट. हा खर्च देशभराची सरासरी आहे. पंजाबात यंत्राने कापलेल्या सपाट शेताचा खर्च आणि आपल्याकडे वाफ्यात हाताने लावणी-कापणी करून घेतलेल्या ज्योती किंवा जया जातीच्या भाताचा खर्च एक नसतो, पण भाव एकच.

सगळ्यात जास्त गैरसमज आहे तो ‘हमी’ कोणाची याबद्दल. त्या भावाने घ्यायचं वचन सरकारचं आहे, तेही सरकारी खरेदी केंद्रावर. खासगी व्यापाऱ्याने त्याहून कमी देऊ नये असा केंद्र सरकारचा कायदा नाही. म्हणून ‘हमीभावापेक्षा कमी दराने विक्री’ ही बातमी चोरीची नसते. बहुतेक वेळा जवळपास खरेदी केंद्र नव्हतं, किंवा उशिरा उघडलं, किंवा शेतकऱ्याला पैशांची घाई होती, असं ती सांगत असते. केंद्र सरकारने नेमलेल्या शांताकुमार समितीच्या 2015 च्या अहवालात सरकारी संस्थांना हमीभावाने माल विकू शकलेले शेतकरी जेमतेम 6 टक्के होते.

खरेदी केंद्रापर्यंत पोचूनही पूर्ण भाव मिळतोच असं नाही. भातात ओलावा 17 टक्क्यांपर्यंतच चालतो. परतीच्या पावसात कापलेल्या भाताचं उदाहरण घ्या. शंभर किलो भातात 22 टक्के ओलावा आहे, म्हणजे कोरडा माल 78 किलो. तो 17 टक्क्यांवर आणेपर्यंत वाळवला की वजन भरतं सुमारे 94 किलो, आणि 2369 च्या दराने हातात येतात साधारण 2227 रुपये. वाळवायला ऊन आणि खळं नसेल तर माल परत, नाहीतर व्यापारी म्हणेल तो भाव. दाताखाली घेतल्यावर दाणा कट्कन तुटला नाही, दबला, तर भात अजून ओला आहे हे शेतकरी मीटर लावण्याआधीच ओळखतो.

‘छत्तीसगडमध्ये भाताला 3100 रुपये’ असं वाचलंत तर तो केंद्राचा हमीभाव नव्हे. वरचे पैसे ते राज्य स्वतःच्या तिजोरीतून घालतं.

गोव्यातल्या बातम्यांत ‘काजूची आधारभूत किंमत’ येते, तीही वेगळी योजना. काजू केंद्राच्या यादीत नाही. इथे राज्य सरकार माल विकत घेत नाही, फक्त फरक भरून देतं. 2023 मध्ये काजूबियांसाठी किलोला 150 रुपये ठरले. समजा नोंदणीकृत संस्थेत बागायतदाराला त्या दिवशी 115 मिळाले, तर उरलेले 35 रुपये त्याच्या बँक खात्यात नंतर येतात. त्यासाठी विक्रीची पावती जपून ठेवावी लागते आणि विभागीय कृषी कार्यालयात अर्ज करावा लागतो. गाडी घेऊन दारात आलेल्या व्यापाऱ्याला पावतीशिवाय बिया दिल्या, तर फरक मिळत नाही. गावी तुमची थोडी कलमं असतील, तर यंदा बिया विकताना पावती आधी मागून घ्या.