उघडलेली बाटली आणि ग्लासचा भाव: आमच्या रेस्टॉरंट ग्राहकांसाठी

शनिवारी ग्लासने विकली जाणारी वाइन सहसा वाया जात नाही. ती वाया जाते सोमवार ते गुरुवार, जेव्हा एक टेबल शिराझचा एकच ग्लास मागवतं आणि उरलेली बाटली बारमागच्या फळीवर उभी राहते. आम्ही तुम्हाला वाइन पुरवतो, त्यामुळे जास्त बाटल्या उघडल्या तर आमची विक्रीही वाढते. पण फेकलेल्या वाइनवर चाललेला धंदा आम्हाला नको आहे. शिळा ग्लास प्यायलेला माणूस तुमच्याकडे पुन्हा वाइन मागत नाही, आणि मग आमचीही मागणी संपते.

एका आठवड्याचा हिशेब

आमच्या एका ग्राहकाकडे सात वाइन ग्लासने मिळत होत्या. त्यांची सरासरी खरेदी बाटलीमागे ७५० रुपये आणि ग्लासचा भाव करांशिवाय ४५० रुपये होता. ७५० मिलीच्या बाटलीतून १५० मिलीचे पाच ग्लास निघतात, म्हणजे कागदावर ग्लासचा खर्च १५० रुपये, विक्रीच्या एक तृतीयांश. मालक समाधानी होते.

आम्ही त्यांना आठवडाभर दोनच गोष्टी वहीत लिहायला सांगितल्या: किती बाटल्या उघडल्या आणि किती ग्लासची बिलं झाली. दहा बाटल्या उघडल्या होत्या. ग्लास पन्नास व्हायला हवे होते, बिलं छत्तीसच निघाली. ७,५०० रुपयांना छत्तीसने भागलं की खरा खर्च ग्लासमागे २०८ रुपये येतो, म्हणजे विक्रीच्या ४६ टक्के.

मग चौदा ग्लास गेले कुठे? बारमधला मुलगा अंदाजाने ओतत होता. मोजून पाहिलं तर ग्लासात १७० मिली पडत होती. छत्तीस ग्लासांवर ही जास्तीची वाइन ७२० मिली, म्हणजे जवळपास एक अख्खी बाटली. उरलेली १,३८० मिली, सुमारे नऊ ग्लास, खराब झाली म्हणून बेसिनमध्ये ओतली गेली.

ओतण्यावरचा इलाज सोपा आहे. १५० मिलीचं माप वापरा, किंवा ग्लासमध्ये एकदा मापाने पाणी ओतून ते कुठवर येतं हे प्रत्येकाच्या डोळ्यांत बसवा. साठवणीबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं.

बाटलीत काय घडतं

अर्धी रिकामी बाटली म्हणजे आत ३७५ मिली हवा, आणि त्यात सुमारे ८० मिली ऑक्सिजन. या ऑक्सिजनमुळे आधी फळांचा वास मावळतो, मग अल्कोहोलपासून ॲसिटाल्डिहाइड बनतं आणि कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास येऊ लागतो. त्यापुढे जिवाणूंनी काम सुरू केलं की व्हिनेगर. ही सगळी क्रिया उष्णतेने वेग घेते. एप्रिलमध्ये बारमागची फळी तिशीच्या वर असते, तिथे एका रात्रीत होणारं नुकसान फ्रिजमध्ये व्हायला काही दिवस लागतात.

म्हणून पहिला नियम: उघडलेली प्रत्येक बाटली फ्रिजमध्ये, रेडसुद्धा. "रेड थंड करायची नसते" हे वाढण्याबद्दलचं बोलणं आहे, साठवण्याबद्दलचं नाही. गिऱ्हाइकाने मागितली की ग्लास भरून काही मिनिटं थांबा, किंवा संध्याकाळची गर्दी सुरू होण्याआधी अर्धा तास बाटली बाहेर काढा. बाटली उभी ठेवा. आडवी ठेवली तर वाइनचा जास्त पृष्ठभाग हवेला लागतो. ग्लास भरल्यावर बूच किंवा स्क्रू कॅप लगेच लावा, शिफ्ट संपेपर्यंत थांबू नका.

एवढं केलं तर व्हाइट आणि रोझे दोन-तीन दिवस, भारदस्त रेड तीन-चार दिवस बऱ्यापैकी टिकते. सोव्हिन्यों ब्लाँचा ताजा वास सगळ्यात आधी जातो, तिला दोनच दिवस धरा. हवा खेचणारा हातपंप स्वस्त आहे, पण तो सगळी हवा काढत नाही आणि रात्रभरात त्याचं बूच थोडं गळतं. आर्गनचा स्प्रे अधिक भरवशाचा. आर्गन हवेपेक्षा जड असल्यामुळे वाइनवर थर धरतो, मात्र फवारल्यावर बूच क्षणात लागलं पाहिजे.

स्पार्कलिंगला हातपंप कधीच लावू नका, तो तिचा गॅसच ओढून घेतो. पकड असलेलं खास बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. बाटलीच्या तोंडात चमचा अडकवून काही होत नाही.

उरलेली वाइन छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवण्याचा उपाय घरी उत्तम आहे. बारसाठी आम्ही तो सुचवत नाही, कारण पुन्हा भरलेली बाटली उत्पादन शुल्क खात्याच्या तपासणीत सापडली तर उत्तर देणं कठीण जातं. त्यापेक्षा कमी खपाच्या वाइनची कंपनीकडूनच आलेली ३७५ मिलीची बाटली घ्या.

प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी लावून उघडल्याची तारीख लिहा, आणि जुनी संपल्याशिवाय नवी उघडू नका. दोन काउंटर असतील तर एकच वाइन दोन्हीकडे उघडी पडते, ते तपासा. रोज संध्याकाळी कोणीतरी वास घेऊन बघावा. व्हाइट गडद पिवळी झाली, रेडची कड तपकिरी दिसली किंवा नाकाला नेलपॉलिशसारखी झणझणीत लागली, तर ती गिऱ्हाइकासमोर जाऊ नये. फक्त वास मंदावला असेल, आंबूस नसेल, तर स्वयंपाकघरात द्या.

मग भाव

त्या ग्राहकाने माप घेतलं, फ्रिज वापरला आणि ग्लासच्या वाइन सातवरून चारवर आणल्या. खप तेवढाच राहिला, छत्तीस ग्लास. पण आता त्यासाठी आठच बाटल्या लागल्या. खर्च ६,००० रुपये, ग्लासमागे १६७. आठवड्याला १,५०० रुपये वाचले आणि तोवर मेन्यूवरचा एकही आकडा बदलला नव्हता.

भाव ठरवताना पाच ग्लास धरू नका. वहीत जितके निघतात तितके धरा. इथे साडेचार निघतात. खर्च विक्रीच्या ३५ टक्के ठेवायचा असेल तर १६७ भागिले ०.३५, म्हणजे सुमारे ४७५ रुपये. हाच हिशेब आधीच्या २०८ रुपयांवर केला असता तर ५९५ आले असते आणि गिऱ्हाईक बिअरकडे वळलं असतं. म्हणून आधी नासाडी, मग भाव. अख्ख्या बाटलीचा भाव १,९०० च्या आसपास ठेवा, म्हणजे चौघांच्या टेबलाला बाटली फायद्याची दिसते आणि तुमच्याकडे उरतही काही नाही.

महाग वाइनला मात्र टक्केवारी लावू नका. १,६०० रुपयांच्या बाटलीचा ग्लास ३५६ रुपयांना पडतो. ३५ टक्क्यांच्या हिशेबाने त्याची किंमत हजारावर जाते, कोणी मागवत नाही आणि बाटली फ्रिजमध्ये मरते. त्याऐवजी रुपये बघा. स्वस्त ग्लासवर ३०८ सुटतात, महागावर तेवढेच धरले तर भाव ६७५ पुरतो. अर्थात तिचा एक फेकलेला ग्लास दुप्पट झोंबतो, म्हणून अशी वाइन फक्त शुक्रवार ते रविवार ग्लासने द्या. इतर दिवशी द्यायचीच असेल, तर बूच न काढता सुईने वाइन काढून आत आर्गन भरणारं यंत्र घ्या. ते महाग असतं, त्यामुळे अशा वाइनचे रोज काही ग्लास खपत असतील तरच परवडतं.

दोन आठवडे वहीत बाटल्या आणि बिलं लिहा आणि माल घेऊन येणाऱ्या आमच्या माणसाकडे त्या पानांची प्रत द्या. तुमच्या प्रत्येक लेबलचे खरे ग्लास किती निघतात, ते आम्ही काढून देऊ. जे लेबल साडेतीनच्या खाली असेल, ते ग्लासच्या यादीतून काढा असंच आम्ही सांगू, ते आमचं सर्वाधिक खपणारं असलं तरी.