मोनो नो अवारे

मोनो नो अवारे : जपानी साहित्यविचारातील एक संकल्पना. समोरची वस्तू, ऋतू, माणूस किंवा प्रसंग यांचे मर्म ओळखणे आणि त्या ओळखीने मन हलणे, असा तिचा ढोबळ अर्थ. 'मोनो' म्हणजे वस्तू, 'नो' हा मराठीतल्या 'चा-ची-चे'सारखा प्रत्यय, आणि 'अवारे' म्हणजे त्या वस्तूमुळे मनात उमटलेली कालवाकालव. सरत्या गोष्टींविषयीची हळवी हुरहूर हा अर्थ आज जगभर रूढ आहे. तो चुकीचा म्हणता येणार नाही; पण तेवढ्यावरच थांबले तर ही हुरहूर आणि साधी उदासी यांतला फरक हाती लागत नाही, आणि या संकल्पनेचा गाभा त्या फरकातच आहे.

'अवारे' हा मुळात उद्गार. 'आ' आणि 'हारे' हे श्वासाबरोबर आपोआप बाहेर पडणारे दोन उद्गार जोडून तो बनला, अशी त्याची व्युत्पत्ती मोतोओरी नोरिनागा (1730–1801) या अभ्यासकाने दिली. मराठीत सुंदर काही दिसले की आपण 'अहाहा' म्हणतो आणि वाईट काही घडले की 'अरेरे'. जुन्या जपानीत ही दोन्ही कामे 'अवारे' करत असे. पुढे हा शब्द लिहायला शोक या अर्थाचे चिनी अक्षर वापरले जाऊ लागले, अर्थ दुःखाकडे कलला, आणि आजच्या बोलीत तर 'अवारे' म्हणजे कीव यावी असे काहीतरी. 'अहाहा'चा भाग झिजून गेला.

तो भाग परत मिळवून देण्याचे श्रेय नोरिनागाचे. इसे प्रांतातल्या मात्सुसाका गावी, सुती कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरात त्याचा जन्म झाला. क्योतोला वैद्यक शिकून तो गावी परतला आणि आयुष्यभर वैद्यकी केली. दिवसा रोगी पाहायचे आणि रात्री घरी जमलेल्या गावकऱ्यांना जुने ग्रंथ समजावून सांगायचे, असा त्याचा क्रम होता. त्यातला लाडका ग्रंथ म्हणजे अकराव्या शतकाच्या आरंभी मुरासाकी शिकिबु या दरबारी स्त्रीने लिहिलेली 'गेंजी मोनोगातारी' ही 54 प्रकरणांची कथा. 'अवारे' हा शब्द तिच्यात सुमारे हजार वेळा येतो.

पण या कथेची एक अडचण होती. सम्राटाचा देखणा मुलगा गेंजी हा तिचा नायक, आणि तो आपल्या वडिलांच्याच राणीशी संबंध ठेवतो. बौद्ध आणि कन्फ्यूशियन पंडितांनी या कथेतून एकतर पापाच्या फळाचा धडा काढला, नाहीतर तिला नावे ठेवली. 1763 साली लिहिलेल्या 'शिबुन योर्यो'मध्ये आणि पुढे उतारवयात 'तामा नो ओगुशी'मध्ये नोरिनागाने या दोन्ही वाटा नाकारल्या. कथेतले बरे-वाईट धर्मशास्त्राच्या मापाने मोजायचे नसते, असे त्याचे म्हणणे. ज्याला मोनो नो अवारे कळतो तो कथेत चांगला, ज्याला कळत नाही तो वाईट. कमळ पाहायचे तर चिखलपाणी राखावे लागते, म्हणून कोणी चिखलाचे कौतुक करत नाही, असा दृष्टान्त त्याने दिला.

'कळतो' हे क्रियापद इथे महत्त्वाचे. नोरिनागा जवळजवळ नेहमी 'मोनो नो अवारे जाणणे' असे म्हणतो. बहरलेले चेरीचे झाड पाहून हे फूल सुंदर आहे हे ओळखणे ही पहिली पायरी, आणि त्या ओळखीने मन हलणे ही दुसरी. कोणावर मोठे दुःख कोसळलेले पाहून, याला किती यातना होत असतील हे आपण ताडतो. ते ताडता येते कारण त्या प्रसंगाचे मर्म आपल्याला ठाऊक असते. म्हणजे भावनेच्या आधी नीट पाहणे आहे. आपल्याकडच्या काव्यशास्त्रातला 'सहृदय' रसिक असे जाणणाऱ्या माणसाच्या बराच जवळचा आहे, फक्त तो नाट्यगृहात बसलेला असतो आणि नोरिनागाचा जाणता रोजच्या जगण्यात.

मग यात खिन्नता येते कुठून? नोरिनागाचे उत्तर साधे आणि माझ्या मते फार खरे आहे. आनंद, गंमत यांनीही मन हलते, पण खोलवर नाही. दुःख, विरह, ओढ, थोडक्यात मनासारखे न झालेले जे काही, ते मनात फार खोल उतरते. म्हणून 'अवारे' म्हटले की दुःखच आठवते. दुःख हे अवारेचे सर्वांत खोल रूप झाले, त्याची व्याख्या नव्हे.

साध्या उदासीहून हे वेगळे कसे, ते पाहायला 'तोसा निक्की' ही छोटी रोजनिशी उत्तम. की नो त्सुरायुकी हा कवी शिकोकु बेटावरच्या तोसा प्रांताची सुभेदारी संपवून 934 च्या अखेरीस राजधानीकडे निघाला. त्या प्रवासाचे हे वर्णन त्याने एका स्त्रीच्या तोंडी घातले आहे. राजधानीत जन्मलेली एक मुलगी तोसात वारली होती. बाराव्या महिन्याच्या 27 तारखेला नाव निघते. घरी जाण्याच्या आनंदात सारे असताना कोणीतरी ओळी लिहिते : राजधानीला निघालो तरी मन दुखते, कारण परत न येणारे एक माणूस आहे. थोड्या वेळाने निरोप द्यायला आलेले लोक किनाऱ्यावर उतरतात, मद्य घेतात, एकमेकांना कविता ऐकवतात. तेवढ्यात नावाडी निघायची घाई करतो. त्याची स्वतःची पिऊन झालेली असते आणि वारा सुटायच्या बेतात असतो. त्याच्याविषयी लेखक म्हणतो, याला मोनो नो अवारे ठाऊक नाही. या शब्दप्रयोगाच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ही एक.

नावाडी दुष्ट नाही. वारा त्याला ओळखता येतो, निरोप ओळखता येत नाही, एवढेच त्याचे उणे. त्याच्या जागी एखादा उदास माणूस कल्पून पाहिला तर फरक लक्षात येतो. त्याचे मन आधीच भरून आलेले असते. किनारा, मद्य, कविता, निरोप देणारे चेहरे सगळे त्याला सारखेच करडे दिसतात. त्याला कशाचे वाईट वाटते असे विचारले तर सांगता येत नाही. तोसा निक्कीतल्या दुःखाला मात्र दर वेळी काहीतरी ठोस धरायला लागते. प्रवासाच्या शेवटी मंडळी रात्री घरी पोचतात. घर शेजाऱ्याच्या हवाली केलेले, ते पडझडीला आलेले. अंगणात डबक्यासारखी जागा, तिच्या कडेला पाइनची झाडे. पाच-सहा वर्षांत निम्मी गेलेली, आणि त्यांच्यात नवी रोपे उगवलेली. तेव्हाची ओळ अशी की इथे जन्मली ती परतली नाही, आणि माझ्या अंगणात ही लहान पाइन पाहताना जीव कासावीस होतो. ते रोप किती उंच आहे हे पाहिल्याशिवाय हे दुःख होत नाही. उदासीत वस्तू धूसर होतात. इथे एक रोप इतके स्पष्ट दिसते की मुलीची उणीव त्याच्या मापाने मोजली जाते.

दुसरा फरक बोलण्याचा. 1763 च्याच सुमारास काव्यावर लिहिलेल्या 'इसोनोकामी नो सासामेगोतो'मध्ये नोरिनागा सांगतो की अवारे फार दाटला की तो आत कोंडून ठेवता येत नाही. उसासा निघतो, उसाशाचा सूर होतो, सुराचे गाणे होते. आणि ऐकणाऱ्याचेही मन हलले तर बोलणाऱ्याला मोकळे वाटते. उदास माणूस बहुधा दार लावून घेतो. मोनो नो अवारे दुसऱ्याला सांगितल्याशिवाय पुरा होत नाही. त्सुरायुकीनेही पाइनची ओळ मनातले जाणणाऱ्या एका माणसापाशी हळूच म्हटली, अशी रोजनिशीत नोंद आहे.

'क्षणभंगुर म्हणूनच सुंदर' हे सूत्र आज या संकल्पनेला सर्रास चिकटवले जाते. ते नोरिनागाचे नव्हे. चौदाव्या शतकातील योशिदा केन्को या भिक्षूच्या 'त्सुरेझुरेगुसा'मध्ये त्याचे मूळ सापडते. माणूस कधीच मेला नसता तर जगात मोनो नो अवारे उरला नसता, अनिश्चितताच मोलाची, असे केन्को म्हणतो. आणि फुले काय फक्त भर बहरातच पाहायची, चंद्र काय फक्त निरभ्र आकाशातच, असेही विचारतो. यामागे बौद्धांचा अनित्यविचार आहे. नोरिनागाने 'तामाकात्सुमा' या टिपणसंग्रहात केन्कोला स्पष्ट विरोध केला. त्याचा मुद्दा असा : बहर टिकावा, चंद्रावर ढग येऊ नये, हेच प्रत्येकाला वाटते. वारा आणि ढग यांच्या तक्रारींनी जुन्या कविता भरल्या आहेत. फुले गळण्यालाच चांगले म्हणणे ही ओढून आणलेली रसिकता.

हा वाद मला फार मोलाचा वाटतो, कारण हुरहुरीचे कारण त्यात उघड होते. फूल टिकावे ही इच्छा मनात जिवंत असते आणि ते टिकणार नाही हे डोळ्यांना दिसत असते. इच्छाच सोडली तर संन्याशाची शांती येईल, दिसणेच बंद झाले तर उदासी. मोनो नो अवारे या दोहोंपैकी काहीच सोडत नाही. विसाव्या शतकात वात्सुजी तेत्सुरो या तत्त्वज्ञाने 1922 च्या निबंधात नोरिनागाच्या मांडणीतल्या उणिवा दाखवल्या आणि या ओढीच्या मुळाशी शाश्वताची आस आहे असे सुचवले. मात्र गेंजी लिहिली गेली त्या हेइआन काळातल्या दरबारी माणसांत ती आस कृतीपर्यंत पोचत नाही, हळवेपणातच विरते, अशी त्याची तक्रार होती. ती रास्त आहे. गेंजीतली माणसे रडतात खूप आणि बदलतात कमी.

या संकल्पनेची मोडतोडही झाली. वयाच्या 61व्या वर्षी काढलेल्या स्वतःच्या चित्रावर नोरिनागाने एक कविता लिहिली होती : जपानी मन कसे असते असे कोणी विचारले तर ते उगवत्या सूर्याच्या उजेडात खुललेल्या डोंगरी चेरीसारखे. ऑक्टोबर 1944 मध्ये आत्मघाती विमानहल्ल्यांसाठी नेमलेल्या पहिल्या तुकड्यांना शिकिशिमा, यामातो, आसाही आणि यामाझाकुरा ही नावे त्याच कवितेतून दिली गेली. कोवळ्या मुलांचे मरण फूल गळण्यासारखे सुंदर ठरवले गेले. नोरिनागाने केन्कोवर जो आक्षेप घेतला होता, तोच इथे शंभर पटींनी लागू पडतो.

स्वतः नोरिनागाला चेरी गळलेली कधीच आवडली नाही. 1800 च्या शरदात, फुलांचा मोसम नसताना, झोप न येणाऱ्या रात्री त्याने चेरीवर तीनशेहून अधिक कविता रचल्या. त्याच वर्षी मृत्युपत्र लिहिले आणि त्यात आपल्या थडग्याचे चित्र काढले. थडग्यामागे डोंगरी चेरीचे झाड लावावे, फुले चांगली असणारे झाड पारखून घ्यावे, असे त्यात आहे. पुढे ते वाळले तर त्या जागी दुसरे लावावे, अशीही सूचना आहे.