'वगळण्यात आले', पण कोणी वगळले?

विज्ञानाच्या अहवालात 'मी' किंवा 'आम्ही' लिहिणे गैर, अशी समजूत आपल्याकडे शाळेपासून रुजलेली असते. पदवीच्या एका विद्यार्थ्याचा प्रयोगाचा अहवाल तपासताना मला नुकतेच हे वाक्य भेटले : "चार वाचने घेण्यात आली, एक वगळण्यात आले व उरलेल्यांची सरासरी काढण्यात आली." वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते, तरीही त्याच्या मधल्या तुकड्यापाशी मी अडखळलो.

प्रयोग साधा होता. विनेगरमध्ये अॅसिटिक आम्ल किती, हे टायट्रेशनने काढायचे होते. विनेगर दहापट विरल करण्यात आले, त्यातले १० मिलि. पिपेटने शंकुपात्रात घेण्यात आले, आम्ल संपताच गुलाबी होणाऱ्या फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचे दोन थेंब टाकण्यात आले आणि ब्युरेटमधून ०.१ मोलर सोडिअम हायड्रॉक्साइड सोडण्यात आले. एवढ्या भागात 'करण्यात आले' अगदी शोभते. पिपेट कोणाच्या हातात होते याने उत्तर बदलत नाही, आणि वाचकाची नजर विनेगरवरून हलत नाही. ही कृती दुसऱ्या कोणीही करावी, हाच तर तिच्या वर्णनामागचा हेतू असतो.

लागलेल्या सोडिअम हायड्रॉक्साइडची वाचने मात्र अशी होती : ९.६, ८.३, ८.४ आणि ८.३ मिलि. चारही धरली तर सरासरी ८.६५ येते आणि आम्लाचे प्रमाण सुमारे ५.२ टक्के ठरते. पहिले वगळले तर सरासरी ८.३३ होते आणि प्रमाण बरोबर ५.० टक्के निघते. बाटलीवरच्या चिठ्ठीतही ५ टक्केच छापलेले होते. म्हणजे वगळण्याने उत्तर छापील आकड्याशी नेमके जुळले, आणि नेमक्या त्याच ठिकाणी कर्ता नाहीसा झाला होता. विचारल्यावर खुलासा मिळाला : पहिल्या वेळी ब्युरेटची तोटी जास्त उघडली गेली आणि द्रावण फिक्या गुलाबीऐवजी गडद गुलाबी झाले, म्हणजे अंत्यबिंदू ओलांडला गेला. कारण पटण्यासारखे होते, पण अहवालात ते नव्हते. 'आम्ही वगळले' असे लिहायला घेतले की पुढचे 'कारण' आपोआप लेखणीवर येते. 'वगळण्यात आले' या रचनेत वाक्य तिथेच पूर्ण झाल्यासारखे वाटते.

यावर मराठीत एक गंमत आहे, आणि इंग्रजी लेखनाचे नियम जसेच्या तसे उचलणाऱ्यांच्या ती ध्यानात येत नाही. 'आम्ही द्रावण तापवले', 'आम्ही द्रावणे तापवली', 'आम्ही बाटली तापवली' ही वाक्ये पाहा. क्रियापद 'आम्ही'प्रमाणे बदलत नाही, कर्माप्रमाणे बदलते. म्हणजे आपल्या व्याकरणात हा कर्मणी प्रयोगच आहे, आणि तरीही कर्ता वाक्यात उजळ माथ्याने उभा आहे. इंग्रजीत कर्म पुढे आणायचे तर बहुधा क्रियापदाची रचनाच बदलावी लागते. मराठीत 'पहिले वाचन आम्ही वगळले' एवढा शब्दक्रम पुरतो. वाचन वाक्याच्या तोंडी येते, जबाबदारीही जागेवर राहते. 'वगळण्यात आले' ही त्यापुढची पायरी असून तिचे खास काम कर्ता झाकणे हेच आहे. कर्ता खरोखरच बिनमहत्त्वाचा असेल तेथे ती वापरावी. 'विज्ञानाने सिद्ध झाले आहे' असे म्हणत गोमूत्रापासून तांब्याच्या कड्यापर्यंत सर्व काही खपवणारे संदेश याच पायरीवर उभे असतात. कोणी, किती जणांवर, कशाशी तुलना करून सिद्ध केले, हे विचारायला त्या वाक्यात जागाच नसते.

मोठ्या शास्त्रज्ञांचे लेखनही या कसोटीवर पाहता येते. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा १९५३चा निबंध 'आम्ही एक रचना सुचवू इच्छितो' अशा अर्थाच्या वाक्याने सुरू होतो. दावा त्यांचा होता, चुकला असता तर चूकही त्यांचीच ठरली असती, म्हणून तेथे 'आम्ही' हवाच होता. पण शेवटी क्ष-किरणांनी डीएनएचा अभ्यास करणारे विल्किन्स, फ्रँकलिन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अप्रकाशित निष्कर्षांचे सर्वसाधारण स्वरूप ठाऊक असल्याने आपल्याला चालना मिळाली, असे ते लिहितात, तेव्हा ते ठाऊक कसे झाले हे वाक्य सांगत नाही. फ्रँकलिन यांच्या गटातले क्ष-किरण छायाचित्र विल्किन्स यांनी वॉटसन यांना दाखवले होते, आणि त्यासाठी फ्रँकलिन यांना विचारलेले नव्हते. 'चालना मिळाली' या शब्दांत दाखवणाराही नाही आणि पाहणाराही नाही.

त्या विद्यार्थ्याने कृतीचा परिच्छेद होता तसाच ठेवला. बदलले ते फक्त एक वाक्य : "पहिले वाचन (९.६ मिलि.) आम्ही सरासरीत धरले नाही, कारण त्या वेळी द्रावण गडद गुलाबी होऊन अंत्यबिंदू ओलांडला गेला होता, ते धरल्यास प्रमाण ५.२ टक्के येते."