कलम 352 : एका रात्रीची पळवाट आणि नंतर घातलेले अडसर

भारतीय राज्यघटनेत ‘मंत्रिमंडळ’ या अर्थाने ‘कॅबिनेट’ हा शब्द फक्त एकाच ठिकाणी येतो, आणि ते ठिकाण म्हणजे राष्ट्रीय आणीबाणीचे कलम 352. मूळ घटनेत तो तेथेही नव्हता. ‘मंत्रिपरिषद’ एवढाच शब्द घटनाकारांना पुरेसा वाटला होता. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने तो घातला. तो का घालावा लागला, हे 25 जून 1975 च्या रात्रीचा घटनाक्रम पाहिल्याखेरीज कळत नाही.

त्याआधी 12 जून रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधान इंदिरा गांधी यांची लोकसभेवरील निवड रद्द ठरवली होती आणि 24 जून रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सुटीतील न्यायमूर्तींनी त्या निकालाला केवळ सशर्त स्थगिती दिली होती. 25 च्या संध्याकाळी पंतप्रधान पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री सिद्धार्थ शंकर राय यांच्यासह राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांना भेटल्या आणि त्यानंतर रात्री त्यांचे पत्र राष्ट्रपतींकडे गेले. हा विषय मंत्रिमंडळापुढे नेणे आपल्याला आवडले असते, पण आज रात्री ते शक्य नाही. म्हणून कामकाज नियमांतील नियम 12 नुसार मिळालेल्या अधिकारात आपण नियमांपासून फारकत घेत आहोत आणि सकाळी सर्वांत आधी हा विषय मंत्रिमंडळाला सांगू, असा त्या पत्राचा आशय होता. राष्ट्रपतींनी मध्यरात्रीपूर्वी सही केली. मंत्री जमले ते 26 जूनच्या पहाटे सहा वाजता, तोपर्यंत अटकसत्र सुरू झाले होते. पुढे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्या चौकशी आयोगाने हा क्रम नोंदवून ठेवला.

यातली खरी गोम अशी की पत्रात सांगितलेला नियम 12 खोटा नव्हता. तातडीच्या प्रसंगी पंतप्रधानांना नियमातून सूट देता यावी, यासाठीच तो होता. म्हणजे मंत्रिमंडळाची संमती ही त्या काळी घटनेची अट नव्हती, तर कार्यालयीन नियमाची होती, आणि ज्या व्यक्तीवर त्या अटीने लगाम घालायचा तिच्याच हाती तो सैल करण्याचा अधिकार होता.

मूळ कलम 352 चे पूर्वज ब्रिटिश काळातले आहेत. 1935 च्या भारत सरकार कायद्याच्या कलम 102 मध्ये गव्हर्नर जनरलला युद्ध किंवा अंतर्गत अशांतता या कारणांनी गंभीर आणीबाणी जाहीर करता येत असे. ‘अंतर्गत अशांतता’ हे शब्द स्वतंत्र भारताच्या घटनेतही आले. ऑगस्ट 1949 मध्ये संविधान सभेत या तरतुदींवर चर्चा झाली तेव्हा ह. वि. कामत यांनी जर्मनीतील वायमार घटनेच्या कलम 48 चा दाखला देऊन कडक आक्षेप घेतला होता.

तो दाखला नीट समजून घेण्यासारखा आहे. वायमारच्या कलमात संरक्षक तरतूद होती: राष्ट्राध्यक्षांनी काढलेला आदेश संसदेने मागणी केल्यास मागे घ्यावा लागे. जुलै 1930 मध्ये चान्सेलर ब्रुनिंग यांचा अर्थविषयक आदेश संसदेने याच तरतुदीखाली फेटाळला. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग यांनी वेगळ्या कलमाखालचा अधिकार वापरून संसदच विसर्जित केली आणि तो आदेश थोड्या फरकाने पुन्हा काढला. सप्टेंबरच्या निवडणुकीत नाझी पक्षाच्या जागा 12 वरून 107 वर गेल्या. राइशस्टाग या संसदेच्या इमारतीला आग लागल्यानंतर 28 फेब्रुवारी 1933 रोजी त्याच कलम 48 च्या आधारे व्यक्तिस्वातंत्र्य, अभिव्यक्ती, सभा, संघटना इत्यादींची हमी देणारी सात कलमे स्थगित झाली, आणि तो आदेश नाझी राजवट संपेपर्यंत उठलाच नाही. संरक्षक तरतूद कागदावर अस्तित्वात असूनही शेजारच्या कलमाने ती निकामी होऊ शकते, हा त्या अनुभवाचा अर्थ आहे.

आपल्या मूळ कलमात उणिवा वेगळ्या होत्या. राष्ट्रपतींची ‘खात्री’ झाली की उद्घोषणा काढता येई, दोन महिन्यांत दोन्ही सभागृहांनी साध्या बहुमताने ती मान्य करायची, आणि एकदा मान्य झाली की तिला मुदतच नव्हती. ऑक्टोबर 1962 मध्ये चीनच्या आक्रमणाच्या वेळी जाहीर झालेली पहिली आणीबाणी जानेवारी 1968 पर्यंत चालली. युद्ध महिन्याभरात थांबले होते. दुसरी आणीबाणी डिसेंबर 1971 मध्ये पाकिस्तानशी झालेल्या युद्धात आली आणि 1975 चा जून उजाडला तेव्हाही ती लागूच होती. अनेकांना आजही हे माहीत नसते की 25 जूनची आणीबाणी चालू आणीबाणीवर चढवलेली आणखी एक आणीबाणी होती. त्या उद्घोषणेचा मजकूरही एका वाक्यात संपतो: अंतर्गत अशांततेमुळे भारताची सुरक्षा धोक्यात आल्याने गंभीर आणीबाणी अस्तित्वात आहे. अशांतता कोणती, कुठे आणि किती, याचा एक शब्दही त्यात नाही. कलमाला त्याची गरज नव्हती.

27 जून रोजी कलम 359 खाली राष्ट्रपतींचा आदेश निघाला आणि समानता, जीवित व स्वातंत्र्य आणि अटकेतील संरक्षण देणाऱ्या कलम 14, 21 व 22 यांच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याचा हक्क स्थगित झाला. ऑगस्टमध्ये 38 वी घटनादुरुस्ती आली. तिने राष्ट्रपतींची ‘खात्री’ अंतिम ठरवली आणि तिच्याविरुद्ध कोणत्याही न्यायालयात दाद मागण्यास बंदी घातली. इकडे ‘मिसा’ कायद्याखाली हजारो लोक विनाचौकशी स्थानबद्ध झाले. शहा आयोगाच्या आकडेवारीनुसार ती संख्या सुमारे 35 हजार होती. नऊ उच्च न्यायालयांनी अशा स्थानबद्धांच्या याचिका ऐकता येतील, अशी भूमिका घेतली. सर्वोच्च न्यायालयाने 28 एप्रिल 1976 रोजी जबलपूर प्रकरणात चार विरुद्ध एक अशा मताने ती फिरवली. सुनावणीत न्यायमूर्ती ह. रा. खन्ना यांनी अॅटर्नी जनरल निरेन डे यांना विचारले होते की एखाद्या पोलिस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कोणाला ठार मारले तर काही उपाय आहे काय. आणीबाणी चालू असेपर्यंत न्यायालयात तो नाही, असे डे यांना कबूल करावे लागले. असहमतीचा एकमेव निकाल खन्ना यांचा होता, आणि जानेवारी 1977 मध्ये सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावलले गेले. त्यांनी राजीनामा दिला.

ही सगळी पार्श्वभूमी डोळ्यांपुढे ठेवली की 44 वी घटनादुरुस्ती ही तत्त्वचर्चेतून आलेली नसून जवळजवळ पंचनामा करून लिहिलेली आहे, हे दिसते. जनता सरकारचे कायदामंत्री शांती भूषण यांनी ती मांडली. ‘अंतर्गत अशांतता’ काढून ‘सशस्त्र उठाव’ हे शब्द आले. (जुने शब्द घटनेतून पूर्ण गेले नाहीत, राज्यांचे रक्षण हे केंद्राचे कर्तव्य सांगणाऱ्या कलम 355 मध्ये ते अजून आहेत, फक्त त्यांच्या आधारे राष्ट्रीय आणीबाणी लावता येत नाही.) केंद्रीय मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याखेरीज राष्ट्रपतींनी उद्घोषणा काढू नये, ही अट थेट कलमात बसवली, त्यामुळे नियम 12 चा मार्ग बंद झाला. ‘खात्री’ अंतिम ठरवणारा भागही वगळला.

संसदेच्या मान्यतेचे गणित पुरते बदलले. दोन महिन्यांऐवजी एका महिन्यात मान्यता हवी, ती सहा महिन्यांपुरतीच, आणि साधे बहुमत पुरणार नाही, मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मते हवीत. 543 सदस्यांच्या लोकसभेत हे कसे चालते ते पाहू. मतदानात 400 सदस्य सहभागी असतील तर दोन तृतीयांश म्हणजे 267 मते झाली, तरी ती अपुरी आहेत, कारण एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे किमान 272 मतेही लागतात. सगळे 543 हजर असतील तर 362 मते हवीत. उलट आणीबाणी उठवायची असेल तर लोकसभेचे साधे बहुमत पुरे. तसा ठराव झाला की राष्ट्रपतींनी उद्घोषणा मागे घेतलीच पाहिजे. सरकार अधिवेशनच बोलावणार नाही, ही शंकाही दुरुस्तीकारांना होती. म्हणून एक दशांश सदस्यांनी, म्हणजे आजच्या हिशेबात 55 जणांनी, लेखी सूचना दिली तर चौदा दिवसांत खास बैठक घ्यावी लागते. लावणे अवघड आणि उठवणे सोपे, अशी ही मुद्दाम केलेली विषम रचना आहे, आणि माझ्या मते या दुरुस्तीतला सर्वांत विचारपूर्वक भाग हाच आहे.

तरी एक सांधा उघडा दिसतो. लोकसभा विसर्जित झालेली असताना उद्घोषणा निघाली तर राज्यसभेच्या मान्यतेवर ती चालू राहते, आणि नव्या लोकसभेला पहिल्या बैठकीपासून तीस दिवस मिळतात. वायमारच्या विसर्जनाची आठवण करून देणारी ही फट आहे, फक्त इथे तिला मुदत आहे.

हक्कांच्या बाबतीत कलम 20 आणि 21 यांची अंमलबजावणी आता आणीबाणीतही स्थगित करता येत नाही, आणि कलम 19 मधील स्वातंत्र्ये युद्ध किंवा परकीय आक्रमणाच्या आणीबाणीतच बाजूला ठेवता येतात, सशस्त्र उठावाच्या नाही. जबलपूर निकाल औपचारिकरीत्या रद्द होण्यास मात्र 2017 पर्यंतचा काळ गेला. खाजगीपणाच्या हक्काचा निर्णय देताना न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी तो चुकीचा ठरवला. त्या जुन्या बहुमतात त्यांचे वडील न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते.

44 व्या दुरुस्तीतले एक कलम मात्र अजून झोपलेले आहे. आणीबाणीत दुरुपयोग झालेले मुख्य हत्यार उद्घोषणा नसून प्रतिबंधक स्थानबद्धता होते, आणि ती तर आणीबाणी नसतानाही वापरता येते. म्हणून दुरुस्तीच्या कलम 3 ने घटनेचे कलम 22 बदलले: स्थानबद्धतेची कारणे तपासणाऱ्या सल्लागार मंडळाच्या अभिप्रायाशिवाय कोणालाही तीनऐवजी दोनच महिने डांबता येईल, मंडळाची रचना उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने होईल, आणि मंडळाला टाळून अधिक काळ कैदेत ठेवण्याची मुभा देणारा कायदा करण्याचा संसदेचा अधिकार जाईल. पण दुरुस्तीचे निरनिराळे भाग कोणत्या तारखेपासून लागू करायचे, हे केंद्र सरकारवर सोपवलेले होते. बाकीचे भाग 1979 मध्ये लागू झाले, कलम 3 ची अधिसूचना निघाली नाही. डिसेंबर 1981 मध्ये ए. के. रॉय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितले की ती काढण्याचा आदेश न्यायालय सरकारला देऊ शकत नाही. त्यानंतर वेगवेगळ्या पक्षांची सरकारे आली आणि गेली. ती अधिसूचना अद्याप निघालेली नाही.